भाड्याच्या घरात एसी आणि भिंतीवर फळ्या: घरमालकांकडून लेखी परवानगी कशी घ्यावी

नाशिकमध्ये मार्च निम्मा झाला की वरच्या मजल्यांवरच्या खोल्या तापायला लागतात, आणि एप्रिलमध्ये एसी बसवणारा मेकॅनिक आज सांगितल्यावर आठवड्याने उगवतो. म्हणून परवानगीचं पत्र फेब्रुवारीतच गेलेलं बरं. फोनवर विचारलं तर बहुतेक मालक "भिंतीला काही करू नका" एवढंच म्हणतात. खरं तर त्यांना एसी नको नसतो, त्यांना पुढचं दिसत असतं: भोकातून येणारी ओल, खालच्या मजल्यावरच्यांची तक्रार, वाढलेला विजेचा भार आणि घर सोडताना डिपॉझिटवरून होणारी कटकट. पत्रात या चारही गोष्टींचं उत्तर असेल तर होकार मिळायला फारसा त्रास होत नाही.

समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत धरू. इंदिरानगरमधला टू बीएचके फ्लॅट, तिसरा म्हणजे सगळ्यात वरचा मजला, वर थेट गच्ची. अकरा महिन्यांचा करार, चाळीस हजार डिपॉझिट. मोठ्या बेडरूममध्ये दीड टनाचा स्प्लिट एसी लावायचा आहे आणि हॉलच्या एका भिंतीवर पुस्तकांसाठी तीन फळ्या.

१. आधी स्वतःचा करार उघडा

महाराष्ट्रात घरभाड्याचा करार बहुतेक वेळा लिव्ह अँड लायसन्सचा असतो आणि आता तो ऑनलाइन नोंदवला जातो. त्याच्या ठरावीक मसुद्यात एक कलम असतं: मालकाच्या आगाऊ लेखी संमतीशिवाय जागेत आतून किंवा बाहेरून कोणताही फेरफार किंवा भर घालायची नाही. तुमच्या करारात ते कलम शोधा आणि त्याचा क्रमांक लिहून ठेवा, पत्रात लागेल. यातले "आगाऊ" आणि "लेखी" हे दोन्ही शब्द महत्त्वाचे आहेत. काम झाल्यावर घेतलेली संमती आणि जिन्यात बोलता बोलता मिळालेली संमती, दोन्ही या कलमापुढे लंगड्या पडतात.

इथे कुणीतरी हमखास सांगतं की कायद्याने एसीला परवानगी लागतच नाही. या ऐकीव माहितीला आधार आहे, पण अर्धा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १६ मध्ये, मालकाच्या लेखी संमतीशिवाय कायमस्वरूपी बांधकाम केलं तर भाडेकरूला घराबाहेर काढता येतं, असं कारण दिलं आहे. त्याच्या स्पष्टीकरणात एसी बसवणं हे "कायमस्वरूपी बांधकाम" धरलेलं नाही. पण हे कलम भाडेकरूसाठी आहे. लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसतो, तो परवानाधारक असतो, आणि त्याला त्याच्या कराराच्या अटी लागू होतात. त्यामुळे हे कलम मालकांच्या तोंडावर फेकण्यात काही अर्थ नाही. उलट संबंध बिघडतील ते वेगळेच.

२. भिंत ओळखा आणि भोकं मोजा

"एसी आणि काही शेल्फ लावू का?" या प्रश्नाला नकार मिळतो, कारण "काही" म्हणजे किती हे मालकाला कळत नाही. आकडा सांगितला की त्याची भीती आटोक्यात येते. आपल्या उदाहरणातला हिशोब असा:

एसीची पाइप बाहेर नेण्यासाठी अडीच इंच व्यासाचं आरपार भोक एक. आतल्या युनिटच्या पत्र्यासाठी सहा स्क्रू. बाहेरच्या युनिटच्या ब्रॅकेटला चार फास्टनर. पाइप भिंतीला धरून ठेवायला तीन क्लॅम्प. फळ्या तीन, प्रत्येकीला दोन ब्रॅकेट, प्रत्येक ब्रॅकेटला दोन स्क्रू, म्हणजे बारा. एकूण एक मोठं भोक आणि पंचवीस लहान. हे पत्रात अंकात लिहा. शिवाय जागा दाखवण्यासाठी भिंतीवर पेन्सिलने खुणा करा, कागदी टेपने चौकटी आखा आणि फोटो काढून पत्राला जोडा.

मोजण्याआधी भिंत कशाची आहे ते बघा. मालकांशी बोलण्याआधी एखाद्या जाणत्या सुताराला किंवा एसीवाल्याला दाखवलं तर उत्तम. भिंतीत आधीच कुठे पडद्याच्या दांडीचं भोक असेल तर त्यातला भुगा बरंच सांगतो. लाल भुगा म्हणजे मातीची वीट. पांढुरका, हलका, बोटांत चुरगळणारा भुगा म्हणजे एएसी ब्लॉक, ज्याला बरेच मिस्त्री सिपोरेक्स म्हणतात. राखाडी आणि कडक, ड्रिल पुढे सरकता सरकत नाही, म्हणजे काँक्रीट. तिथे कॉलम किंवा बीम आहे. एसीच्या पाइपचं भोक कॉलम-बीममधून कधीही घ्यायचं नाही; कोअर कटरने सळई तुटली तर ती पूर्ववत करता येत नाही, आणि त्या एका कारणासाठी कोणताही मालक तुमच्याशी भांडला तरी तो बरोबरच असेल.

एएसी ब्लॉकच्या भिंतीत साधा प्लॅस्टिकचा प्लग, ज्याला कारागीर गिट्टी म्हणतात, काही महिन्यांत सैल होतो. फळी आधी किंचित पुढे झुकते, मग ब्रॅकेटमागे बारीक फट दिसते, आणि शेवटी प्लग आजूबाजूच्या ब्लॉकसकट बाहेर येतो. लहानशा भोकाच्या जागी मुठीएवढा खड्डा पडतो आणि भरून द्यायचं काम तिप्पट होतं. अशा भिंतीसाठी एएसीचे वेगळे लांब नायलॉन प्लग मिळतात, तेच मागून घ्या. बाहेरच्या युनिटचं वजन दीड टनाला साधारण तीस किलोच्या आसपास असतं आणि ते चालताना थरथरतं. तेव्हा एएसी भिंतीवर ब्रॅकेट लटकवण्यापेक्षा, बिल्डरने युनिटसाठी कट्टा दिला असेल तर त्यावर स्टँड ठेवलेला बरा.

आपल्या उदाहरणात भिंत सहा इंची विटांची आहे, त्यामुळे साधे फास्टनर चालतील.

फळ्यांबाबत दोनच गोष्टी. स्विचबोर्डाच्या बरोबर वर, खाली आणि आडव्या रेषेत भिंतीतली वायर जाण्याची शक्यता जास्त असते, म्हणून त्या पट्ट्यात ड्रिल नको. आणि बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर फळ्या लावू नका, आत पाण्याची पाइप असते. स्वयंपाकघरातल्या टाइल्सवर काही लावायचा विचार असेल तर तो परवानगीत मागूच नका. तडकलेली टाइल जुन्या डिझाइनमध्ये परत मिळत नाही आणि पूर्ववत करण्याचं वचन तिथेच मोडतं.

३. विजेचा भार

महावितरणच्या बिलावर "मंजूर भार" असा एक आकडा असतो. दीड टनाचा एसी पूर्ण जोरात चालताना साधारण दीड किलोवॅट घेतो. आपल्या फ्लॅटचा मंजूर भार दोन किलोवॅट आहे, घरात दोन किलोवॅटचा गिझर आहे, फ्रिज आहे. सकाळी गिझर आणि एसी एकत्र चालले तर मंजूर भार सहज ओलांडला जातो. हे मालकाला तुम्हीच सांगितलं तर तो खूश होतो; त्याला शेजाऱ्याकडून कळलं तर काळजीत पडतो.

मीटर मालकाच्या नावावर असतं, म्हणून भार वाढवण्याचा अर्ज त्यांच्याच नावाने जातो. तुम्ही करू शकता ते इतकंच: अर्ज भरून तयार ठेवणं आणि त्याचं शुल्क व वाढीव सुरक्षा ठेव स्वतः भरण्याची तयारी दाखवणं. पण ही ठेव मालकाच्या ग्राहक क्रमांकावर जमा होते, तुमच्या नाही. घर सोडताना ती तुम्हाला परत मिळणार आहे की नाही हे पत्रात स्पष्ट लिहा. ही रक्कम विसरली जाते आणि नंतर मागताना दोघांनाही संकोच वाटतो.

वायरमनकडून आणखी तीन गोष्टी तपासून घ्या: एसीच्या पॉइंटपर्यंत आलेली वायर तांब्याची आणि चार चौरस मिलिमीटरची आहे का, त्या पॉइंटला स्वतंत्र एमसीबी आहे का, आणि अर्थिंग खरंच जोडलेलं आहे का. जुन्या बंगल्यांच्या वरच्या मजल्यावर सॉकेटला तिसरं भोक असतं पण त्यामागे वायरच नसते, असं पुष्कळदा दिसतं. नवी वायर टाकायची असेल तर भिंत न फोडता केसिंग पट्टीतून न्यायची, आणि तीही पत्रात नमूद करायची.

४. बाहेरचं युनिट, पाणी आणि सोसायटी

बाहेरची भिंत आणि गच्ची सगळ्यांची असते, मालकाची एकट्याची नव्हे. नाशिकमध्ये पुष्कळ इमारतींमध्ये सोसायटी नसून अपार्टमेंटची असोसिएशन असते, पण व्यवहार दोन्हीकडे तोच: कमिटी सभासदाला, म्हणजे मालकाला, ओळखते. म्हणून कमिटीला द्यायचा अर्ज मालकाच्या सहीने जायला हवा. तो टाइप करून पत्रासोबतच द्या, त्यांना फक्त सही करायची राहील.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना बाहेरचं युनिट गच्चीवर ठेवण्याचा मोह होतो. कमिटीने परवानगी दिली तरी स्लॅबला भोक पाडून स्टँड बसवू नका. वॉटरप्रूफिंग फुटलं की पावसाळ्यात छताला पोपडे धरतात, आणि ते दुरुस्त करून देणं ही पुट्टी-रंगाची गोष्ट राहत नाही. आपल्या उदाहरणात युनिट ड्राय बाल्कनीच्या बाजूच्या भिंतीवर लावायचं आहे. मेकॅनिकला बाल्कनीत उभं राहून हात पोचतो, आणि युनिटचा पंखा मोकळ्या हवेकडे तोंड करून राहतो.

आता पाणी. तक्रारी येतात त्या बहुधा इथून. आतल्या युनिटमध्ये जमणारं पाणी बारीक ड्रेन पाइपने बाहेर येतं. ती पाइप नुसती हवेत सोडली की खालच्यांच्या दोरीवरच्या कपड्यांवर थेंब पडतात. ती ड्राय बाल्कनीच्या जाळीपर्यंत नेऊन सोडा. पाइपला वाटेत कुठेही वर चढ नको, आणि भिंतीतल्या भोकालाही बाहेरच्या बाजूला थोडा ढाळ हवा. ढाळ आत असेल तर एसीचं पाणी आणि पावसाचं पाणी दोन्ही घरात येतं.

यात नाशिकच्या हवेची एक गंमत आहे. एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी असते की एसीतून पाणी फारसं निघतच नाही. त्यामुळे चुकलेला ढाळ त्या दिवसांत कळत नाही, सगळं छान चाललंय असं वाटतं, आणि पहिल्या पावसानंतर हवा दमट झाली की भिंतीवर ओघळ दिसतो. म्हणून बसवण्याच्या दिवशीच मेकॅनिकसमोर आतल्या युनिटच्या ट्रेमध्ये हळूहळू एक लिटर पाणी ओता. सगळं पाणी बाल्कनीच्या जाळीवर आलं तरच पैसे द्या.

५. "पूर्ववत करून देईन" म्हणजे नेमकं काय, हे ठरवा

बहुतेक पत्रांत "घर सोडताना जागा पूर्ववत करून देऊ" असं एक वाक्य असतं. वाद या वाक्यातच दडलेला असतो. मालकाला पूर्ववत म्हणजे नव्यासारखी भिंत अपेक्षित असते, राहणाऱ्याला वाटतं भोकात पुट्टी भरली की झालं. भरलेल्या जागेवर हातभर रंग मारला तर ठिगळ दिसतंच, कारण आजूबाजूचा रंग वर्ष-दीड वर्षात फिका पडलेला असतो, शेड तीच असली तरी. म्हणून वचन द्यायचं ते ठिगळाचं नाही, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत अख्ख्या भिंतीच्या रंगाचं. आपल्या उदाहरणात आतल्या दोन भिंती: बेडरूमची एक, हॉलची एक. मालकांना रंगाची कंपनी आणि शेडचा क्रमांक आत्ताच विचारून लिहून ठेवा. रंगाऱ्याच्या डब्याच्या झाकणावर तो असतो.

दुसरी गोष्ट मोठ्या भोकाची. ते बुजवायचं की झाकण लावून तसंच ठेवायचं, हा निर्णय मालकांवर सोडा. पुढच्या माणसालाही एसी लागणार असतो, त्यामुळे बरेच मालक भोक ठेवायला सांगतात. भोकात सुरुवातीलाच पीव्हीसी पाइपचा तुकडा बसवून घेतला तर नंतर दोन्ही बाजूंना टोपी लावणं सोपं जातं आणि विटांच्या कडाही ढासळत नाहीत.

तिसरी गोष्ट वेळेची, आणि ती जवळजवळ सगळे विसरतात. सहा इंच खोल भोक सिमेंटने बुजवलं की त्यावर आठवडाभर पाणी मारावं लागतं. त्यानंतरही नवा गिलावा पूर्ण सुकायला साधारण चार आठवडे जातात. ओल्या गिलाव्यावर रंग दिला तर त्यावर पांढरे डाग येतात आणि पापुद्रे सुटतात. म्हणजे करार ३१ मे रोजी संपत असेल तर रंगासकट सगळं करून द्यायला एसी एप्रिलच्या शेवटीच काढावा लागेल, आणि ऐन मे महिना एसीशिवाय काढावा लागेल. यावर उपाय असा: भोक बुजवणं आणि गिलावा तुम्ही करून द्यायचा, रंगाचे पैसे मात्र आधी ठरलेल्या दराने डिपॉझिटमधून वळते करायचे. त्यासाठी रंगाऱ्याकडून आत्ताच दोन भिंतींचा लेखी अंदाज घ्या. धरू की त्याने साडेपाच हजार सांगितले. हा आकडा पत्रात आला की मालकाला त्याहून जास्त कापायला आणि तुम्हाला त्याहून कमी द्यायला जागा उरत नाही.

६. पत्र

पत्र हाताने लिहा किंवा टाइप करा, पण दोन प्रती काढा. भाषा साधी आणि आदराची हवी. तुम्ही मालकांना एरवी काका म्हणत असाल तरी पत्रात "मा. श्री." लिहिलेलं बरं, कारण हा कागद कमिटीलाही दाखवला जाईल.

> दिनांक: ........
>
> प्रति,
> मा. श्री. ........ यांस,
>
> विषय: फ्लॅट क्र. ........, इंदिरानगर, नाशिक येथे स्वखर्चाने एसी व भिंतीवरील फळ्या बसवण्यास परवानगी मिळणेबाबत.
>
> सप्रेम नमस्कार.
>
> मी आपल्या वरील फ्लॅटमध्ये दि. ........ च्या नोंदणीकृत करारानुसार राहत आहे. करारातील कलम क्र. ........ नुसार पुढील कामासाठी आपली आगाऊ लेखी संमती मागत आहे.
>
> १. मोठ्या बेडरूममध्ये दीड टनाचा एक स्प्लिट एसी. ड्राय बाल्कनीकडील भिंतीतून अडीच इंचाचे एक आरपार भोक आणि तेरा लहान भोके पडतील. कॉलम, बीम, स्लॅब व गच्ची यांना कोठेही भोक पाडले जाणार नाही.
>
> २. हॉलच्या पूर्वेकडील भिंतीवर तीन फूट लांबीच्या तीन फळ्या. यासाठी बारा लहान भोके पडतील. जागा दाखवणारे फोटो सोबत जोडले आहेत.
>
> ३. एसीचे पाणी पाइपने ड्राय बाल्कनीच्या जाळीत सोडले जाईल. खालच्या मजल्यावर पाणी पडल्यास ते तीन दिवसांत दुरुस्त करून घेण्याची जबाबदारी माझी.
>
> ४. सध्याचा मंजूर भार दोन किलोवॅट आहे. तो चार किलोवॅट करण्याचा अर्ज भरून सोबत ठेवला आहे. त्याचे शुल्क व वाढीव सुरक्षा ठेव मी भरेन. ही ठेव घर सोडताना आपण मला परत द्यावी, ही विनंती.
>
> ५. एसी, स्टॅबिलायझर, ब्रॅकेट व फळ्या माझ्या मालकीच्या राहतील आणि घर सोडताना मी त्या काढून नेईन. त्यांची देखभाल, तसेच बसवताना किंवा काढताना झालेल्या नुकसानीची भरपाई माझ्याकडे राहील.
>
> ६. घर सोडताना सर्व लहान भोके मी भरून देईन. मोठे भोक बुजवावे की दोन्ही बाजूंनी टोपी लावून ठेवावे, हे आपण सांगाल तसे करेन. दोन्ही भिंतींच्या संपूर्ण रंगासाठी रु. ५,५०० डिपॉझिटमधून वळते करावेत. रंगाऱ्याचा लेखी अंदाज सोबत आहे. या रकमेव्यतिरिक्त या कामापोटी अन्य कपात होऊ नये, ही विनंती.
>
> ७. कराराचे नूतनीकरण झाल्यास ही संमती व वरील अटी पुढेही लागू राहतील.
>
> सोसायटीच्या कमिटीला द्यायचा अर्ज आपल्या सहीसाठी सोबत ठेवला आहे. आपणास यातील एखादी गोष्ट मान्य नसल्यास ती वगळून उरलेल्या कामास संमती द्यावी, ही विनंती.
>
> आपला विश्वासू,
> ........
>
> वरील कामास वरील अटींवर माझी संमती आहे.
> घरमालकाची सही व दिनांक: ........

शेवटच्या दोन ओळी सगळ्यात कामाच्या आहेत. मालकाला उत्तर लिहायला बसावं लागलं तर ते लांबतं. सही करायची जागा तयार असली की तिथेच होते. सातवा मुद्दाही वगळू नका. अकरा महिन्यांनी नवा करार होतो तेव्हा त्यात "आज रोजी जागा सुस्थितीत ताब्यात दिली" अशा अर्थाचं वाक्य पुन्हा येतं, आणि मूळ भिंत कशी होती याचा संदर्भ हरवतो.

सोबत जोडायचे कागद:

- कराराच्या त्या पानाची प्रत
- भिंतींचे तारीख दिसणारे फोटो, टेपच्या खुणांसह
- ताज्या वीजबिलाची प्रत आणि भरलेला भारवाढीचा अर्ज
- रंगाऱ्याचा लेखी अंदाज
- कमिटीसाठीचा अर्ज

७. संमती घेताना

मालक गावातच असतील तर घरी जाऊन द्या. फोटो त्यांना समोर दाखवता येतात आणि शंका तिथल्या तिथे फिटतात. ते पुण्या-मुंबईला किंवा परदेशात असतील तर पत्र ईमेलने पाठवा आणि उत्तरात "वरील कामास वरील अटींवर माझी संमती आहे" एवढं पूर्ण वाक्य लिहायला सांगा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला नुसता अंगठा संमती म्हणून धरून ड्रिल काढू नका. तो "वाचलं" असाही असू शकतो. फ्लॅट नवरा-बायको दोघांच्या नावावर असेल आणि करारावर दोघांच्या सह्या असतील तर संमतीवरही दोघांची सही घ्या.

कधी कधी मालक वाढीव डिपॉझिट मागतात. रक्कम वाजवी असेल तर द्यायला हरकत नाही, पण ती बँकेतून द्या आणि कशासाठी दिली ते पत्रावर लिहून घ्या. "एसी जाताना इथेच ठेवायचा" अशी अट आली तर ती लगेच मान्य करू नका. त्या बदल्यात काही महिन्यांचं भाडं कमी होणार असेल तरच तिचा विचार करा, आणि ठरलं तर पाचवा मुद्दा त्याप्रमाणे बदला.

एसीला ठाम नकार आला तर वाईट वाटून घेऊ नका. नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर चांगला चालतो, आणि पुस्तकांना जमिनीवर उभं राहणारं रॅक मिळतं. फळ्यांना होकार आणि एसीला नकार असं झालं तर उरलेल्या कामापुरती सही घेऊन मोकळे व्हा.

८. बसवण्याच्या दिवशी

पत्रातले फोटो हातात ठेवून मेकॅनिकला जागा दाखवा. तो "इथे सोपं पडेल" म्हणून भोक हातभर सरकवायला बघतो, कारण त्याला पाइप वाचवायची असते. जागा बदलावीच लागली तर आधी मालकांना फोटो पाठवून विचारा. कोअर कटरने भोक आतून बाहेर पाडताना शेवटच्या इंचाला जोर कमी करायला सांगा, नाहीतर बाहेरचा गिलावा ताटलीएवढा उडतो. पाइप टाकून झाल्यावर भोवतालची फट बाहेरून भरून घ्या. मेकॅनिक जी मऊ पुट्टी लावतो ती उन्हाने आकसते, म्हणून पावसाळ्याआधी एकदा हात लावून बघा.

काम संपल्यावर त्याच कोनांतून पुन्हा फोटो काढा आणि मालकांना पाठवून द्या.

९. काढताना

एसी काढणाऱ्याला आधी गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घ्यायला सांगा. एसी चालू ठेवून तो बारीक पाइपचा व्हॉल्व्ह आधी बंद करतो, थोड्या वेळाने जाड पाइपचा, आणि लगेच एसी बंद करतो. घाईत पाइप तशीच कापली तर गॅस उडून जातो आणि नव्या घरी तो भरण्याचा खर्च तुमच्या माथी.

लहान भोकांतले प्लग ओढून काढा, आत ठोकून बुजवू नका. वरची पुट्टी काही दिवसांत फुगून सुटते. पुट्टी दोन हातांत भरा, मधे सुकू द्या, मग पॉलिश पेपरने घासा. मोठं भोक बुजवायचं असेल तर आधी आतून पाण्याने भिजवा. विटांचे तुकडे आणि एकास चार सिमेंट-वाळू घेऊन निम्मं आतल्या बाजूने, निम्मं बाहेरच्या बाजूने भरा. एकदम काठोकाठ भरलं की माल खाली बसतो आणि वरच्या कडेला चंद्रकोरीसारखी फट राहते. पावसाचं पाणी तिथूनच आत येतं. म्हणून शेवटचा बोटभर थर दुसऱ्या दिवशी द्या आणि बाहेरच्या थरात वॉटरप्रूफिंगचं द्रावण घाला. बाहेरच्या भिंतीचा रंग इमारतीचा असतो, तो कमिटीच्या माणसाकडून विचारून घ्या.

चावी देण्याच्या दिवशी आधीचे फोटो आणि पत्राची प्रत घेऊन मालकांसोबत दोन्ही भिंतींपाशी उभे राहा. पत्राच्या मागच्या बाजूला "काम अटींप्रमाणे पूर्ण, रंगापोटी रु. ५,५०० वळते, उर्वरित डिपॉझिट रु. ३४,५०० देय" असं लिहून त्यांची सही घ्या आणि मगच चावी द्या. भारवाढीची ठेव परत मिळायची ठरली असेल तर तीही त्याच ओळीत लिहून घ्या.